फोटोतली बोट ओळखायची कशी?

एका छोट्या बोटीचा फोटो आहे आणि त्याखाली तिचं नाव लिहायचं आहे. एक जण म्हणतो, ही डिंगी. दुसरा म्हणतो, छे, स्लूप. तिसरा फळ्यांकडे बोट दाखवून म्हणतो, ही क्लिंकर बोट. वाद रंगतो आणि गंमत अशी की तिघांचंही बरोबर असू शकतं.

याचं कारण साधं आहे. बोटींची सगळी नावं एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. काही नावं बोट बांधली कशी ते सांगतात. डगआउट म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरलेली होडी, बाकी तिची लांबी किती, शीड आहे की नाही, याच्याशी त्या नावाला देणंघेणं नाही. काही नावं डोलकाठी आणि शिडांची मांडणी सांगतात: स्लूप, केच, यॉल. ट्रॉलर हे तर चक्क कामाचं नाव आहे, समुद्राच्या तळाजवळून किंवा मधल्या पाण्यातून जाळं ओढत नेणारी बोट. आणि डिंगी म्हणजे आकाराने लहान, उघडी, बहुधा मोठ्या बोटीच्या सोबतीला असणारी किंवा शर्यतीची होडी. त्यामुळे फोटो हातात आल्यावर 'ही कोणती बोट' असं एकदम विचारण्यापेक्षा तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: बांधली कशी, चालते कशावर, काम काय करते. कुठल्या प्रश्नाचं उत्तर फोटोत आहे आणि कुठल्याचं नाही, हे कळलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

बांधणीपासून सुरुवात करू, कारण शिडं उतरवता येतात, जाळी घरी नेता येतात, पण बोटीचा ढाचा जागेवरच असतो.

फळ्यांची बोट दोन प्रकारे बांधतात. एका प्रकारात फळ्या कडेला कड भिडवून बसवलेल्या असतात, बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. याला कार्व्हेल म्हणतात. दुसऱ्यात वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढलेली असते, ती क्लिंकर. फोटोत क्लिंकर ओळखायची खूण म्हणजे सावली. प्रत्येक फळीच्या खालच्या कडेशी एक बारीक गडद रेघ पुढच्या टोकापासून, म्हणजे नाळेपासून, पिछाडीपर्यंत धावते आणि दोन्ही टोकांकडे या रेघा एकमेकींच्या जवळ येतात. ऊन डोक्यावर असेल तर ही रेघ ठळक दिसते, ढगाळ दिवशी जवळजवळ नाहीशी होते. एक सावधगिरी मात्र हवी. फायबरच्या कित्येक बोटी क्लिंकरचा साचा वापरून केलेल्या असतात, म्हणजे पायऱ्या आहेत पण फळ्या नाहीत. अशा वेळी फोटो मोठा करून पायरीच्या कडेजवळ पाहा. खऱ्या लाकडी क्लिंकरमध्ये तिथे खिळ्यांच्या किंवा रिवेटच्या टोप्यांची ओळ असते, ठराविक अंतराने. साच्यातल्या बोटीत तिथे नुसती चकाकी दिसते.

डगआउट ओळखणं वरवर सोपं वाटतं आणि नेमकी तिथेच फसगत होते. कोरलेल्या होडीत फळ्यांचे सांधे नसतात, लाकडाची शीर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते आणि वरची कड फळीपेक्षा जाड दिसते. टोकं तर बहुतेक वेळा भरीव असतात, कारण ओंडक्याच्या टोकाशी पातळ भिंत ठेवली तर ती चिरते. टोकाला आडव्या कापावर मधून बाहेर पसरणाऱ्या भेगा दिसल्या तर ते झाडाचं मूळ खोडच आहे, फळ्या जोडलेल्या नाहीत, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

पण आता एक अडचण. बऱ्याच जणांना वाटतं की आत बरगड्या दिसल्या म्हणजे बोट फळ्यांची. एस्टोनियातल्या सोमा भागात अस्पेनच्या खोडातून केलेली एक होडी आहे, तिथले लोक तिला हाबयास म्हणतात. खोड आतून कोरतात आणि मग विस्तवाची धग देऊन त्याच्या बाजू हळूहळू बाहेर फाकवतात. फाकवलेल्या बाजू तशाच राहाव्यात म्हणून आत बरगड्या बसवतात. म्हणजे बरगड्या आहेत आणि तरीही होडी एकाच झाडाची आहे. ही बांधणी 2021 साली युनेस्कोच्या तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत गेली. अशा होडीचा फोटो पाहताना दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली म्हणजे बाजूची रेषा. बाजू फाकवल्या की दोन्ही टोकं आपोआप वर उचलली जातात आणि मधला भाग खाली येतो, त्यामुळे कडेची रेषा हसल्यासारखी वाकते. दुसरी खूण बारीक आहे पण पक्की. कोरताना भिंतीची जाडी सगळीकडे सारखी राहावी म्हणून खोडाला बाहेरून ठराविक लांबीच्या लाकडी खुंट्या ठोकून ठेवतात. आतून कोरत जाताना खुंटीचं टोक दिसलं की तिथे थांबायचं. या खुंट्या काढत नाहीत. तळाच्या बाहेरच्या बाजूला ओळीने आलेले छोटे गोल ठिपके दिसले, लाकूड एकच पण ठिपके वेगळ्या छटेचे, तर त्या खुंट्याच समजा.

दुसरीकडे असंही होतं की कोरलेल्या होडीच्या कडेवर एक-दोन फळ्या चढवून तिची उंची वाढवलेली असते. अशी होडी पाण्यात असेल तर दिसतात फक्त वरच्या फळ्या आणि ओंडका पाण्याखाली राहतो. तेव्हा 'फळ्यांची होडी' असं ठामपणे लिहिण्याआधी ती पूर्ण कोरडी दिसते का ते पाहा. आणि पूर्ण कोरडी, अगदी हाताशी असली तरी मतभेद होऊ शकतात. नेदरलँड्समध्ये 1955 साली महामार्गाचं काम चालू असताना पेस गावाजवळ पाइनचा एक कोरलेला ओंडका निघाला, जेमतेम तीन मीटरचा. तो साधारण दहा हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि जगातली सर्वांत जुनी सापडलेली होडी म्हणून ओळखला जातो. तरी काही अभ्यासकांना तो होडी नसून जनावरांचं दाणंपाणी ठेवायचं भांडं वाटत होता. शेवटी तशीच प्रतिकृती करून ती पाण्यात वल्हवून पाहिली गेली आणि ती चालली. नुसत्या आकारावरून नाव ठेवण्याला किती मर्यादा आहे, हे यात दिसतं.

आता शिडं. इथे लोक आधी शिडाच्या आकाराकडे पाहतात, पण बंदरातल्या निम्म्या फोटोंत शिडं गुंडाळलेलीच असतात. म्हणून डोलकाठ्या आणि वासे मोजणं जास्त उपयोगी. डोलकाठी एक असेल आणि तिच्यापुढे नाळेपर्यंत एकच तिकोनी शीड लागत असेल तर स्लूप. पुढे दोन शिडं असतील आणि डोलकाठी जरा मागे सरकलेली असेल तर कटर. शिडं नसली तरी डोलकाठीवरून नाळेकडे उतरणारे तारेचे ताण मोजता येतात, शिडं त्याच ताणांवर चढतात. पुढे काहीच नाही आणि डोलकाठी अगदी नाळेत उभी असेल, तर एकाच शिडावर चालणारी कॅटबोट. मुख्य शीड उतरवलेलं असेल तर डोलकाठीला लागून किती आडवे वासे आहेत ते बघा. खाली एकच वासा असेल तर शीड टोकदार तिकोनी असतं. खालच्या वाशावर दुसरा वासा आडवा ठेवलेला दिसला तर तो बहुधा गॅफ, म्हणजे चौकोनी शिडाची वरची कड उचलणारा वासा.

डोलकाठ्या दोन असतील आणि मागची पुढचीइतकीच किंवा तिच्याहून उंच असेल तर स्कूनर. मागची बुटकी असेल तर केच किंवा यॉल आणि या दोघींत फरक करताना भले भले अडखळतात. पुस्तकी नियम असा की मागची डोलकाठी सुकाणूच्या खुंटापुढे असेल तर केच, मागे असेल तर यॉल. फोटोत मात्र सुकाणूचा खुंट पाण्याखाली किंवा डेकखाली असतो, तो दिसणार कुठून? मग मागच्या शिडाचा आकार पाहायचा. केचचं मागचं शीड अंगाने चांगलं भरलेलं, खरंखुरं कामाचं असतं. यॉलचं शीड चिमुकलं असतं आणि त्याचा वासा पिछाडीच्या बाहेर लोंबतो. यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा बरोबर येतो, पण तो अंदाजच असतो. फोटो अर्धवट समोरून काढलेला असेल तर मागची डोलकाठी आहे त्याहून बुटकी दिसते आणि लांबच्या लेन्सने काढलेला असेल तर दोन काठ्यांमधलं अंतरच आखडतं. अशा फोटोवर 'दोन काठ्यांची, केच किंवा यॉल' एवढंच लिहिलेलं मला प्रामाणिक वाटतं.

डिंगीबद्दल फार लिहायला नको. माणूस बसलेला असेल तर मापाचा प्रश्न मिटतो. पिछाडीला सपाट उभी पाटी, तिच्यावर बाहेरून अडकवलेलं सुकाणू, मध्ये तळातून वर आलेली एक उभी अरुंद पेटी (खालीवर होणारं पातं तिच्यात बसतं) आणि डेक जवळजवळ नाही, एवढं दिसलं तर ती शीडाची डिंगी. सगळ्यांत जास्त वेळा समोर येणारी म्हणजे ऑप्टिमिस्ट. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती मुलांसाठी आखली. लांबी साधारण 2.3 मीटर आणि नाळ टोकदार नसून चपटी कापलेली. शीड चौकोनी असतं आणि डोलकाठीच्या खालच्या भागातून निघून तिरकी जाणारी एक बारीक काठी त्या शिडाचा वरचा कोपरा ताणून धरते. ही तिरकी काठी आणि चपटी नाळ एकत्र दिसली की दुसरा विचार करायची गरज नाही.

खरा गोंधळ होतो तो ट्रॉलरचा. इंजिनवर चालणारी, पुढे उंच केबिन असलेली, जाळी घेऊन उभी असलेली कुठलीही बोट दिसली की लोक ट्रॉलर म्हणून मोकळे होतात. पण ट्रॉलर हे कामाचं नाव आहे आणि काम अवजारांवरून कळतं. एक नेहमी दिसणारा फोटो घेऊ आणि त्यात शिरून पाहू.

बोट धक्क्याला लागलेली आहे. अंदाजे बारा-चौदा मीटरची, नाळ उंच, केबिन पुढच्या बाजूला, मागे मोकळा डेक. बोटीच्या मध्यावर दोन लांब काठ्या आकाशाकडे उभ्या केलेल्या आहेत, डावीकडे एक, उजवीकडे एक, व्ही आकारात. खाली नाव हवं आहे. उमेदवार दोन: कोळंबीसाठी दोन बाजूंना जाळी ओढणारी ट्रॉलर आणि गळ टाकून सॅल्मन किंवा ट्यूना पकडणारी ट्रोलर. उच्चारात जेवढा फरक आहे तेवढाच फोटोत असावा असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो बराच मोठा आहे.

आधी काठ्यांची जाडी पाहायची. ट्रोलरच्या काठ्या बारीक असतात, वर जाताना निमुळत्या होतात, कारण त्यांना फक्त गळांच्या दोऱ्या बाजूला धरायच्या असतात. ट्रॉलरच्या काठ्यांना पाण्यातून जड जाळं ओढण्याचा ताण सोसायचा असतो. म्हणून तिथे लोखंडी नळ्या किंवा जाळीदार सांगाडा असतो आणि पुढे-मागे जाड तारेचे ताण. आपल्या फोटोत काठ्या लोखंडी आणि तळाशी मनगटापेक्षा बऱ्याच जाड आहेत. ट्रॉलरच्या बाजूने हा पहिला कौल.

मग काठीचं टोक. ट्रॉलरच्या टोकाला एक मोठी कप्पी लोंबते आणि तिच्यातून एक जाड तार डेककडे येते. ट्रोलरच्या प्रत्येक काठीवरून काही बारीक दोऱ्या किंवा तारा सुटतात. हा फरक फोटो जरा मोठा केला की कळतो, पण मागे आकाश पांढरं असेल तर बारीक दोऱ्या गायब होतात. म्हणून दोऱ्या दिसल्या नाहीत एवढ्यावर ट्रोलर नाही असं म्हणू नये. जाड तार दिसली तर ती मात्र भक्कम पुरावा.

आता टोकाखाली काहीतरी लटकतं आहे. इथे सर्वांत जास्त लोक चुकतात. लटकणारी चपटी वस्तू ट्रॉलचा बोर्ड असू शकते, नाहीतर बोट डोलू नये म्हणून पाण्यात सोडलेलं लोखंडी 'पक्षी' असू शकतं. ट्रोलरवरही असे पक्षी असतात, म्हणून काहीतरी लटकतं आहे एवढ्याने निर्णय होत नाही. पक्ष्याचा आकार त्रिकोणी, छोट्या विमानासारखा, वर एक उभी शेपटी आणि तो एकाच साखळीला अडकवलेला. बोर्ड मात्र बहुधा आयताकृती असतो, लाकडाच्या जाड फळ्यांचा किंवा लोखंडाचा, छोट्या ट्रॉलरवर सुमारे एक-दीड मीटर लांबीचा. त्याच्या एका अंगाला लोखंडी कमानी किंवा साखळ्या असतात, तिरका कोन साधण्यासाठी. पाण्यात ओढला जाताना तो पतंगासारखा बाजूला सरकतो आणि त्यामुळे जाळ्याचं तोंड उघडं राहतं. तो नेहमी जोडीने असतो. दोन बाजूंना एकेक जाळं असेल तर एकूण चार बोर्ड. बोर्डाची खालची कड लोखंडी पट्टीने मढवलेली असते आणि तळावर घासून घासून ती पट्टी चकचकीत होते. आपल्या फोटोत ती पट्टी चांदीसारखी चमकते आहे. बोर्ड नुसते टांगलेले नाहीत, अलीकडेच कामाला लावले होते, हे त्या चमकेवरून कळतं. पट्टी गंजलेली असती तरी ट्रॉलरच म्हटलं असतं, फक्त बोट काही दिवस कामावर गेलेली नाही एवढं जोडलं असतं.

चौथी जागा म्हणजे केबिनच्या मागची. ट्रॉलरवर तिथे विंच असतं, जाड तार गुंडाळलेले दोन किंवा अधिक मोठे ढोल. ट्रोलरवर एवढं जड यंत्र नसतं. तिथे पिछाडीजवळ छोट्या फिरक्या असतात आणि माणूस उभा राहील एवढा एक खड्डा असतो, तिथे उभं राहूनच गळ ओढले जातात. आपल्या फोटोत केबिनची सावली नेमकी त्या जागेवर पडली आहे आणि विंच नीट दिसत नाही. तरी काठीच्या टोकावरून आलेली जाड तार त्याच अंधारात शिरते आहे, म्हणजे ती तिथे कशावर तरी गुंडाळली जाते आहे. पुरावा थेट नाही, पण पुरेसा आहे.

म्हणून फोटोखाली लिहायचं: दोन बाजूंना जाळी ओढणारी ट्रॉलर. 'कोळंबीची' हा शब्द जोडण्याआधी मात्र थांबावं. अशी मांडणी कोळंबीसाठी नेहमीची आहे, पण डेकवर कोळंबी किंवा बारीक जाळ्याचं पोतं दिसत नसेल तर तो शब्द फोटोतून आलेला नाही, तो आपल्या डोक्यातून आलेला आहे.

जाळी दिसली म्हणजे ट्रॉलर, हा दुसरा गैरसमज. माशांच्या थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या पर्ससीन बोटीवर जाळ्याचा डोंगर असतो, पण बोर्ड नसतात. तिथे डेकवर उंच टांगलेली मोठी यांत्रिक कप्पी असते, ती जाळं वर ओढते. बऱ्याचदा पिछाडीला एक छोटी दणकट होडीही चढवलेली असते, जाळ्याचं एक टोक धरायला. गिलनेटच्या, म्हणजे मासे कल्ल्यांनी अडकतील असं उभं जाळं लावणाऱ्या बोटीवर कडेवर एक फिरतं चाक किंवा ढोल असतो, बाकी डेक तसा मोकळा. बोर्ड नाहीत पण दोन्ही बाजूंना जड लोखंडी तुळया लटकताहेत आणि त्यांच्या टोकांना घसरपट्टीसारखे बूट आहेत, असं दिसलं तर ती बीम ट्रॉलर. तिथे तुळईच जाळ्याचं तोंड उघडं धरते, म्हणून बोर्डांची गरज नसते.

आणि कधी कधी अवजारांची खूणच नसते. बोट दुरुस्तीला जमिनीवर काढलेली आहे, काठ्या उतरवलेल्या, डेक रिकामा, रंगकाम चालू. तेव्हा झिजेकडे पाहायचं. पिछाडीच्या कडेवर तारा घासून पडलेल्या खोल खाचा, दोन्ही अंगांना बोर्ड आपटून आलेले चट्टे, विंचच्या पायाचे डेकवर उरलेले बोल्ट. यातलं काही दिसलं तर 'ट्रॉलर असावी' असं लिहिता येतं. ताजा रंग लावून तेही झाकलं गेलं असेल तर उरतं ते एवढंच: पुढे केबिन असलेली लाकडी मासेमारीची बोट, आणि एखाद्या ट्रॉलरच्या धर्तीवर बांधलेली हौशी सफरीची बोट नसेल याची खात्री करण्यापुरतं एकदा डेककडे पाहणं. अशा सफरीच्या बोटीला लोक ट्रॉलर यॉट म्हणतात. तिचा ढाचा तसाच असतो, पण मागच्या डेकवर खुर्च्या मांडलेल्या असतात आणि केबिनच्या खिडक्या मोठ्या असतात.